साठ महिन्यांतले मोफत किती? इन्व्हर्टर बॅटरी कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्यांचे विक्री व सेवा विभाग,
तसेच वॉरंटीचा मजकूर ज्यांच्या मंजुरीने छपाईला जातो ते सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या दुकानात बॅटऱ्यांचा नवा माल उतरला. खोक्यावर नेहमीसारखंच ठसठशीत लाल आकड्यांत ‘६० महिने वॉरंटी’ छापलेलं होतं. आत मात्र वॉरंटी कार्ड नव्हतं. त्याऐवजी बोटभर रुंदीचा स्टिकर, त्यावर एक चौकोनी कोड आणि खाली ‘अटींसाठी स्कॅन करा’ अशी ओळ. मी स्कॅन केलं. जुन्या कार्डाच्या पाठीवर जो परिच्छेद असायचा तोच, तसाच इंग्रजीत, मोबाईलच्या पडद्यावर आला. कार्ड होतं तेव्हा तो परिच्छेद गिऱ्हाईक निदान कोणाकडून तरी वाचून घेऊ शकत होतं. आता तेही गेलं. चौकशी केली तर सांगण्यात आलं की यापुढे असंच असणार. हा निर्णय मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पंखे, मोटारी, वायर सगळं विकतो, पण मार्च ते जून या चार महिन्यांत दुकान चालतं ते इन्व्हर्टर आणि बॅटरीवर. बॅटरी विकली की पावतीवर अनुक्रमांक मी लिहितो, शिक्का मी मारतो, सही माझी असते. वॉरंटी तुम्ही देता, पण ती दिल्याचं तोंडी सांगणारा माणूस मी असतो. बॅटरी बसली की लोक तुमच्या कारखान्यात येत नाहीत, माझ्या ओट्यावर येतात. आणि तेव्हा जो परिच्छेद मला त्यांना वाचून दाखवावा लागतो तो असा आहे. नाव काढून टाकलं आहे, बाकी आशय होता तसाच मराठीत उतरवला आहे:

‘सदर बॅटरी सामान्य वापराच्या परिस्थितीत सदोष साहित्य अथवा सदोष कारागिरीमुळे उद्भवणाऱ्या उत्पादनदोषांविरुद्ध खरेदीच्या तारखेपासून ६० महिने (३६ महिने विनामूल्य बदली अधिक २४ महिने प्रो-राटा) अथवा उत्पादनाच्या तारखेपासून ६६ महिने, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, कंपनीच्या विवेकाधीन निर्णयानुसार दुरुस्ती अथवा बदलीस पात्र राहील, तथापि नैसर्गिक झीज, अयोग्य चार्जिंग, अतिडिस्चार्ज, सल्फेशन, इलेक्ट्रोलाइटची अपुरी अथवा अशुद्ध पातळी, भौतिक इजा, अयोग्य वापर वा देखभालीचा अभाव आढळल्यास सदर हमी आपोआप रद्दबातल ठरेल आणि याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’

एकच वाक्य आहे. मी स्वतः आयटीआय केलेला माणूस, बॅटरीचं काम हाताने करतो, तरी हे वाक्य पहिल्या वाचनात मला पोटात काय आहे ते सांगत नाही. गिऱ्हाइकाला यातून तीनच गोष्टी हव्या असतात. काय बिघडलं तर तुम्ही भरून देणार, काय बिघडलं तर नाही, आणि बिघडल्यावर त्याने करायचं काय. पहिल्या गोष्टीला तुम्ही चार शब्द दिलेत, दुसरीला अख्खी यादी दिलीत आणि तिसरी परिच्छेदात नाहीच.

याने प्रत्यक्ष काय होतं ते एका बॅटरीवरून सांगतो.

आमच्या बाजारपेठेत एक ताई झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतात. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत वीज गेली की त्यांची रांग तिथेच थांबते. त्यांनी माझ्याकडून १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी घेतली. मी त्यांना म्हणालो होतो, ‘ताई, पाच वर्षं बघायचं काम नाही.’ खोक्यावर साठ महिने छापलेलं होतं, मी तेच बोललो. ४४व्या महिन्यात त्या आल्या. वीज गेली की दहा मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागतो, म्हणाल्या.

मी जाऊन बॅटरी तपासली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, त्यांना आम्ही सेल म्हणतो, आणि प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा. प्रत्येक सेलमधलं अ‍ॅसिड हायड्रोमीटरने ओढून बघितलं की ते किती दाट आहे ते कळतं. याला आम्ही ग्रॅव्हिटी म्हणतो. या जातीची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर ग्रॅव्हिटी १.२४०च्या आसपास येते. ताईंच्या बॅटरीत पाच सेल १.२३५ ते १.२४० होते. चौथा सेल १.१०० होता. लोड टेस्टर लावला तर काटा खाली पडला आणि फक्त चौथ्या सेलमधून बुडबुडे उसळले. पाच चांगले आणि एकच मेलेला, याचा अर्थ या धंद्यातला कोणीही सांगेल. वापर चुकीचा असता तर सहाही सेल सारखेच खाली बसले असते, कारण करंट सहाही सेलमधून एकच जातो. एकटा सेल जातो तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या सेलच्या आत असतो: प्लेटांमधला पडदा फाटतो, प्लेटांचं मटेरियल गळून तळाशी साचतं आणि शॉर्ट होतं, किंवा जोड सुटतो.

बॅटरी सेवा केंद्रावर पाठवली. तीन दिवसांनी फोन आला, क्लेम नाकारला. कारण, ‘पाण्याची पातळी कमी’. आणि पातळी कमी होती हे खरं आहे. पण कोणत्या सेलमध्ये? मेलेल्या चौथ्यात नाही, उरलेल्या पाचांत. हे असं का होतं ते तुमच्या इंजिनिअरला विचारा. चार्जर सहा सेलच्या हिशोबाने विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज देतो. एक सेल शॉर्ट झाला की तोच दाब पाचांवर येतो. ते पाच गरजेपेक्षा जास्त चार्ज होतात, त्यांच्यातून वायू सुटतो आणि पाणी उडून जातं. म्हणजे पाणी कमी झालं म्हणून सेल गेला नाही, सेल गेला म्हणून पाणी कमी झालं. ताई दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरत होत्या, माझ्याच दुकानातून पाच लिटरचे कॅन नेत होत्या. पण तुमच्या परिच्छेदात ‘पातळी अपुरी आढळल्यास’ एवढंच लिहिलं आहे. आढळली की संपलं. ती कशामुळे अपुरी झाली हे विचारायची गरजच त्या वाक्याने ठेवलेली नाही.

ही माझी पहिली तक्रार आहे आणि सगळ्यात मोठी आहे. तुमच्या यादीतली निम्मी कारणं कारणं नाहीत, लक्षणं आहेत. सल्फेशन, म्हणजे प्लेटांवर सल्फेटचे खडे धरणं, हे लक्षण आहे. कमी पाणी हे पुष्कळदा लक्षण असतं. फुगलेला डबा हेही लक्षण असू शकतं. ताप आलेल्या रोग्याला ‘अंग गरम आहे म्हणून औषध मिळणार नाही’ असं सांगावं तसं हे होतं. वाक्य फक्त इतकंच बदलायचं आहे: ‘पाणी कमी ठेवल्यामुळे बॅटरी बिघडली असेल तर बदली मिळणार नाही.’ ‘आढळल्यास’च्या जागी ‘मुळे’ आलं की तपासणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

मी सेल-सेलचे आकडे लिहून पाठवले, दोनदा फोन केला, आणि क्लेम मान्य झाला. मला बरं वाटलं. ताईंना निरोप दिला. मग हिशोब आला, आणि माझी दुसरी तक्रार त्या हिशोबाबद्दल आहे.

३६ महिने उलटले होते, म्हणून बॅटरी ‘प्रो-राटा’त गेली. हा शब्द माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाला न सांगता कळलेला नाही. त्याचा अर्थ असा की आता बदली मोफत नाही, नव्या बॅटरीच्या किमतीत काही टक्के सूट मिळेल, आणि ती सूट महिन्यागणिक कमी होत जाईल. या कंपनीच्या तक्त्यात ३७ ते ४२ महिन्यांना ३० टक्के, ४३ ते ४८ महिन्यांना २५ टक्के, पुढे २० आणि शेवटी १५. दुसऱ्या कंपनीचा हिशोब वेगळा असतो. हा तक्ता कार्डावर नव्हता, सेवा केंद्राच्या भिंतीवर होता.

सूट २५ टक्के. कशाच्या? छापील किमतीच्या. त्या बॅटरीची छापील किंमत २०,००० रुपये. २५ टक्के म्हणजे ५,००० सूट, भरायचे १५,०००. जुनी बॅटरी कंपनीला जमा. आणण्या-नेण्याचं टेम्पोभाडं ३०० रुपये ताईंचं. एकूण १५,३००.

आता तीच बॅटरी माझ्या दुकानात नवी घ्यायची तर? छापील किमतीला बॅटरी कोणी विकत नाही आणि कोणी घेत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्याकडे ती १५,०००ला जाते. जुनी बॅटरी परत दिली की तिच्यातल्या शिशाचे मी ३,००० धरतो. म्हणजे ताईंना १२,००० भरून नवी बॅटरी, नवी पावती आणि पहिल्या दिवसापासून नवी वॉरंटी मिळते.

वॉरंटीचा फायदा घेतला तर ताईंना ३,३०० रुपये जास्त पडत होते. मी तीन वेळा आकडेमोड केली, मला वाटलं माझंच काही चुकतंय. ताई शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘दादा, मग ही वॉरंटी कशाची होती?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी नवी बॅटरी घेतली, वॉरंटी न वापरता.

आणखी एक गोष्ट परिच्छेदात नाही. समजा त्यांनी १५,००० भरून सुटीची बॅटरी घेतली असती, तर तिला नवे साठ महिने मिळाले असते की जुन्यातले उरलेले सोळा? मी सेवा केंद्रावर दोघांना विचारलं, दोघांनी दोन उत्तरं दिली. पहिल्या ३६ महिन्यांत मोफत बदली झाली तर नव्या बॅटरीला उरलेलीच मुदत मिळते, हे मला ठाऊक आहे आणि त्यात मला चूक वाटत नाही. पण पैसे भरून घेतलेल्या बॅटरीचं काय, हे लिहायला हवं होतं.

तिसरी तक्रार ‘उत्पादनदोष’ या शब्दाबद्दल. इथे तुमची बाजूही मांडतो, कारण काही वेळा तुम्ही बरोबर असता. एक निवृत्त गुरुजी चौदाव्या महिन्यात बॅटरी घेऊन आले. बॅकअप पाऊण तासावर आलेला. मी तपासली, सहाही सेल १.१५०च्या आसपास, सारखेच. पाणी ठीक, डबा ठीक. ही बॅटरी सदोष नव्हती, उपाशी होती. त्यांच्या इन्व्हर्टरवर बॅटरीचा प्रकार निवडायचा एक छोटा स्विच आहे, मागच्या बाजूला, तो ट्यूब्युलरवर नव्हता. म्हणून चार्जर वर्षभर कमी दाब देत राहिला. त्यात त्यांच्या वस्तीवर वीज रात्री थोडे तास. एवढी मोठी बॅटरी पूर्ण रिकामी झाली तर भरायला दहा-बारा तास सहज लागतात. अर्धवट भरत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे पांढरे कडक खडे धरतात आणि मग ती पुरती भरत नाही.

तुम्ही क्लेम नाकारला. तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाकारला. पण गुरुजींना मिळालेल्या चिठ्ठीवर फक्त ‘उत्पादनदोष नाही’ असं होतं. त्यांनी मला विचारलं, ‘बॅटरी मी बनवली नाही, उघडली नाही, पाणी वेळेवर घातलं. मग दोष माझा कसा?’ त्या कार्डावर एक ओळ असती, की इन्व्हर्टरचा स्विच ट्यूब्युलरवर आहे का ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या, तो चुकीचा असल्याने बॅटरी गेली तर बदली मिळत नाही, तर गुरुजींनी पहिल्या दिवशी मला विचारलं असतं. इन्व्हर्टर दुसऱ्या दुकानातून बसवलेला होता, तरी मी बघून दिलं असतं. ‘अयोग्य चार्जिंग’ या दोन शब्दांतून हे कोणाला कळणार? नाकारण्याचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. पण जी चूक टाळायची ती आधी सांगितली नसेल, तर ती चूक पूर्णपणे गिऱ्हाइकाची होत नाही.

मुदत कधी सुरू होते याबद्दल थोडक्यात. ‘खरेदीपासून ६० किंवा उत्पादनापासून ६६, जे आधी’ याचा अर्थ असा की बॅटरी गोदामात आणि दुकानात मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिली, तर वरचे महिने गिऱ्हाइकाच्या मुदतीतून कापले जातात. उत्पादनाचा महिना खोक्यावर छापलेला असतो. पण खोकं बसवणाराच घेऊन जातो, आणि बॅटरीच्या अंगावर जो पंच असतो तो अक्षरं आणि अंकांचा एक कोड. तो सोडवायची किल्ली फक्त तुमच्याकडे आणि आमच्यासारख्यांकडे. गिऱ्हाइकाला सरळ तारीख हवी आहे: ‘या बॅटरीची वॉरंटी अमुक तारखेला संपेल.’ ती तारीख विक्रीच्या दिवशी मी हाताने लिहायला तयार आहे, फक्त कार्डावर तिच्यासाठी रकाना ठेवा.

आणि आता शेवटची, क्लेम कसा करायचा. परिच्छेदात एक शब्द नाही. ताईंना माहीत नव्हतं की पावतीवर बॅटरीचा अनुक्रमांक असावा लागतो. मी लिहिला होता म्हणून निभावलं. काही दुकानदार नुसतं ‘बॅटरी एक नग’ लिहितात, आणि तिथे क्लेम पहिल्या पायरीवर अडतो. अ‍ॅसिड भरलेली ही बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. ती उचलून सेवा केंद्रावर कोणी न्यायची? तपासायला किती दिवस? आधी ती पूर्ण चार्ज करावी लागते, मग काही तास तशीच ठेवून वाचन घ्यावं लागतं, म्हणून दोन-तीन दिवस लागणं रास्त आहे, पण माझ्याकडून गेलेली एक बॅटरी एकोणीस दिवस पडून होती. त्या दिवसांत घरात अंधार. काही सेवा केंद्रं तात्पुरती बॅटरी देतात, काही देत नाहीत, मागणाऱ्याला मिळते आणि न मागणाऱ्याला नाही. मागता येते हे लिहिलेलं नसेल तर मागणार कोण?

तुम्ही म्हणाल, कायदेशीर मजकूर असाच असतो, वकिलांनी लिहिलेला असतो, सोपा केला तर पळवाटा निघतील. मला हे पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो, आणि दिशाभूल करणाऱ्या वॉरंटीला अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरतो. अवघड भाषेला त्यात संरक्षण नाही. अमेरिकेत १९७५ पासून याच विषयाचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात लेखी वॉरंटी सोप्या, सहज समजणाऱ्या भाषेत असावी लागते, काय झाकलं आहे, काय नाही आणि क्लेमच्या पायऱ्या एकाच कागदावर द्याव्या लागतात, आणि वॉरंटी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ ते मथळ्यातच लिहावं लागतं. तिथल्या कंपन्यांनाही वकील आहेत. जमतं त्यांना.

मजकूर कसा असावा हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून तुमचाच परिच्छेद मी पुन्हा लिहिला आहे. तुमची एकही अट वाढवलेली नाही. ‘आढळल्यास’चं ‘मुळे’ केलं आहे, ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ काढलं आहे आणि जिथे तुम्ही गप्प होतात तिथे मोकळी जागा सोडली आहे.

‘ही बॅटरी तुम्ही ____ या तारखेला घेतली. ____ या तारखेपर्यंत (३६ महिने) आमच्या बनावटीतल्या दोषामुळे ती बिघडली तर आम्ही मोफत बदलून देऊ. त्यानंतर ____ या तारखेपर्यंत (२४ महिने) बदली मोफत नाही, नव्या बॅटरीवर सूट मिळेल. सुटीचा तक्ता खाली आहे. सूट ____ या किमतीवर धरली जाईल. जुनी बॅटरी जमा करावी लागेल आणि तिचे ____ रुपये मिळतील. सुटीत घेतलेल्या नव्या बॅटरीची वॉरंटी ____ महिने.

बनावटीतला दोष म्हणजे: एखादा सेल आतून शॉर्ट होणे किंवा तुटणे, सेलमधला जोड सुटणे, डब्याच्या किंवा टर्मिनलच्या सांध्यातून आपोआप गळती होणे, पूर्ण चार्ज करूनही बॅटरी ठरलेला बॅकअप न देणे.

या गोष्टींमुळे बॅटरी बिघडली तर बदली मिळणार नाही: पाणी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देणे, डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं, बोअरचं पाणी किंवा वरून अ‍ॅसिड घालणे, इन्व्हर्टरचा स्विच चुकीच्या बॅटरीवर असणे, बॅटरी बरेच दिवस रिकामी किंवा अर्धवट भरलेली ठेवणे, आपटणे, डबा फोडणे, उघडणे. वर्षानुवर्षांच्या वापराने बॅकअप हळूहळू कमी होणं हा दोष धरला जात नाही.

बिघडली तर: १. अनुक्रमांक असलेली पावती शोधा. हा क्रमांक बॅटरीच्या वरच्या बाजूला पंच केलेला असतो. २. ____ या नंबरवर फोन करा किंवा दुकानदाराला सांगा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ३. बॅटरी नेण्या-आणण्याचा खर्च ____ करेल. ४. तपासणी ____ दिवसांत पूर्ण होईल. तोवर तात्पुरती बॅटरी मागा. ५. क्लेम नाकारला तर सहाही सेलची वाचनं आणि नाकारण्याचं कारण लेखी मिळेल. पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.’

मी हे दुकानातल्या पोराला वाचायला दिलं, तो बारावी झाला आहे. मग ताईंना दिलं. दोघांना प्रत्येकी एकच प्रश्न विचारला, चाळिसाव्या महिन्यात सेल गेला तर काय मिळेल? दोघांनी बरोबर सांगितलं, ‘सूट’. तुमच्या परिच्छेदावर हाच प्रश्न मी सहा गिऱ्हाइकांना विचारला होता. पाच जणांनी ‘नवी बॅटरी’ म्हणून सांगितलं.

तर माझं मागणं एवढंच आहे.

खोक्यात छापील वॉरंटी कार्ड परत ठेवा, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बॅटरीबरोबर ते मराठीतही द्या. कोड हवा तर राहू द्या, पण कागदाच्या जागी नको.

खोक्यावर ‘६० महिने’ एकत्र छापू नका. ‘३६ महिने मोफत बदली’ आणि ‘२४ महिने सूट’ असं वेगळं, एकाच आकाराच्या अक्षरांत छापा. आणि सुटीनंतरची रक्कम त्याच दिवशी दुकानात नवी घेण्यापेक्षा जास्त पडत असेल, तर त्या २४ महिन्यांना वॉरंटी म्हणू नका, खोक्यावर ३६च लिहा. ३६ महिन्यांची बॅटरीही मी विकू शकतो. लोक घेतात, खरं सांगितलं तर घेतात.

वगळलेली प्रत्येक गोष्ट ‘मुळे’ने लिहा. क्लेम नाकारताना सहा सेलचे सहा आकडे लेखी द्या. हायड्रोमीटर तुमच्या प्रत्येक केंद्रावर आहे, आकडे लिहायला पाच मिनिटं लागतात. तपासणीचे दिवस, टेम्पोभाडं आणि तात्पुरती बॅटरी, या तिन्हींचं उत्तर कार्डावर असू द्या, जे असेल ते.

आम्हा दुकानदारांसाठीही एक अट तुम्ही घाला, मला ती हवी आहे: पावतीवर अनुक्रमांक नसेल तर त्याची जबाबदारी दुकानदाराची, गिऱ्हाइकाची नाही. तुमचं प्रशिक्षण वर्षातून एकदा असतं, त्यात विक्रीचं लक्ष्य सांगता तसं हेही सांगा.

वरचा मजकूर मी मोठ्या अक्षरांत छापून, मोकळ्या जागी मला माहीत आहेत ते आकडे भरून, काउंटरवर काचेखाली लावतो आहे. बॅटरी घेणाऱ्या प्रत्येकाला त्याची एक प्रत पावतीला टाचून देणार आहे. तुमच्या अटींपेक्षा त्यात काही वेगळं असेल तर दुरुस्त करून पाठवा, मी त्याच दिवशी बदलीन.

ताईंची जुनी बॅटरी मी अजून भंगारात दिलेली नाही. दुकानामागच्या खोलीत लाकडी फळीवर ठेवली आहे, झाकणावर सहा सेलचे सहा आकडे खडूने लिहून. तुमच्यापैकी कोणाला चौथा सेल उघडून बघायचा असेल तर गुरुवार सोडून कधीही या. गुरुवारी आमच्याकडे बाजार बंद असतो.

आपला,
एक बॅटरी विक्रेता
जिल्हा जालना